चाळीस लाख माणसं, पाच डबे

पुण्यातल्या जुन्या वसाहतीत संध्याकाळी गिरणीसमोर डब्यांची रांग लागते. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या, प्लास्टिकच्या बादल्या. प्रत्येकावर नाव किंवा फ्लॅटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि वर तोंडी सूचना: "गहू बारीक हं, आणि ज्वारीवर टाकू नका." हे दृश्य बघून एखाद्याच्या मनात येतं की डबा घरून न्यायचा, दळून आणायचा आणि परत घरी पोचवायचा, अशी सेवा सुरू केली तर? लोकांना वेळ नाही, लिफ्ट बंद असते, ज्येष्ठांना आठ किलोचं ओझं झेपत नाही. गरज तर डोळ्यांसमोर आहे.

पण केवढी गरज? पाच मुलं कामाला ठेवावीत एवढी, की आपला एक जोडधंदा चालेल एवढी? बँकेत किंवा गुंतवणूकदारापुढे गेलं की हाच प्रश्न इंग्रजी नावानं येतो: टोटल अ‍ॅड्रेसेबल मार्केट, म्हणजे 'टॅम', किती? या सेवेसाठी सगळ्या संभाव्य गिऱ्हाइकांनी पैसे मोजले, तर वर्षाला एकूण किती रुपये होतील, एवढाच त्याचा अर्थ. ते मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक वरून खाली येते, टॉप-डाउन: मोठा आकडा घ्यायचा आणि आपल्या कामाचा नसलेला भाग कापत जायचं. दुसरी खालून वर जाते, बॉटम-अप: एक गिऱ्हाईक, एक फेरी, एक डबा इथून सुरुवात करून बेरीज वाढवत न्यायची.

दोन्ही पद्धती एकाच धंद्यावर लावून पाहू. समजा, कोथरूडला राहणाऱ्या एक बाई नोकरी सोडून ही घरपोच दळणाची सेवा सुरू करायचा विचार करताहेत. बाई आणि त्यांच्या पाहणीचे आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. जिथे आकडा खरा, सरकारी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

वरून खाली

पहिला आकडा लोकसंख्येचा. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत 31 लाख 24 हजार माणसं होती. बाईंनी हा आकडा उचलला असता तर पहिल्याच पायरीला दोन चुका झाल्या असत्या. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, म्हणजे आकडा जुना आहे. शिवाय 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. म्हणजे आज आपण ज्याला 'पुणे' म्हणतो ते 2011च्या आकड्यातलं पुणे नाही. वरून खाली येणाऱ्या हिशेबात असा घोळ नेहमी होतो: आकडा खरा असतो, पण तो वेगळ्याच वर्षाचा किंवा वेगळ्याच हद्दीचा असतो. म्हणून बाईंनी हे सगळं धरून 40 लाख माणसं मानली, आणि कागदावर त्या आकड्यापुढे 'अंदाज' असं लिहिलं. घरटी चार माणसं धरली तर 10 लाख घरं.

दुसरा आकडा धान्याचा. केंद्र सरकारच्या 2022-23च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार शहरी भारतात माणशी महिन्याला 8 किलोच्या आसपास धान्य लागतं. 40 लाखांना 8 किलो म्हणजे महिन्याला 3 कोटी 20 लाख किलो. पण यात तांदूळही आला, आणि भाताचा तांदूळ गिरणीत जात नाही. निम्मं धान्य पिठासाठी धरलं तर उरले 1 कोटी 60 लाख किलो. तेही सगळं गिरणीत जात नाही. कुणी तयार पिठाची पिशवी आणतं, कुणाकडे घरघंटी आहे. पिठातला 40 टक्के भाग गिरणीतून येतो असं मानलं, तर महिन्याला 64 लाख किलो दळण उरतं.

आता पैसे. गिरणीवाले काका किलोला 8 रुपये घेतात असं धरू. बाईंना त्यावर नेण्या-आणण्याचे 7 रुपये लावायचे आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाला किलोमागे 15 रुपये पडतील. मग बाजार केवढा? 15 रुपयांनी गुणलं तर वर्षाला सुमारे 115 कोटी येतात. 8 रुपयांनी गुणलं तर 61 कोटी. 7 रुपयांनी गुणलं तर 53 कोटी 76 लाख. धान्य तेच, शहर तेच, आणि बाजाराचे आकार तीन.

गुंतवणूकदाराला दाखवायच्या कागदावर 115 कोटी लिहायचा मोह होतो, पण त्यातले 61 कोटी काकांचे आहेत. ते बाईंच्या हातातून फक्त पुढे जाणार. 61 कोटी हा आज गिरण्यांना मिळणारा पैसा आहे, नेण्या-आणण्याचा नव्हे. बाईंच्या सेवेचा बाजार 53 कोटी 76 लाखांचा, कारण तेवढेच पैसे सेवेबद्दल त्यांच्याकडे राहू शकतात. बाजाराचा आकार सांगताना कुणाच्या खिशातला रुपया मोजतोय हे आधी ठरवलं नाही, तर पुढची सगळी आकडेमोड कितीही बिनचूक केली तरी उपयोग नाही.

या साखळीत आणखी एक धोका आहे. 40 लाख, निम्मं पीठ, 40 टक्के गिरणीत: तिन्ही अंदाज आहेत आणि तिन्ही एकमेकांना गुणले जातात. प्रत्येक अंदाज खऱ्यापेक्षा चौथाईनं फुगलेला असेल, तर शेवटचा आकडा चौथाईनं फुगत नाही, जवळजवळ दुप्पट होतो. एकेक पायरी बघताना 'एवढं असेलच की' असं वाटतं, म्हणून ही फुगवटी लक्षात येत नाही.

फक्त एक टक्का

54 कोटींचा आकडा हातात आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "यातला फक्त एक टक्का मिळाला तरी वर्षाला 54 लाख." ऐकायला किती नम्र वाटतं! एक टक्का म्हणजे काहीच मागितलं नाही.

पण हा एक टक्का कुठून आला? तो कुणी मोजलेला नाही. लहान दिसतो म्हणून निवडलेला आहे. त्याला घरांच्या भाषेत उलटवून पाहिलं की त्याचं खरं वजन कळतं. गिरणीत दळण देणारी घरं साधारण 4 लाख धरली तर त्यातला एक टक्का म्हणजे 4,000 घरं. 4,000 घरांत जाऊन त्यांना समजावणं, त्यांचे डबे उचलणं, तोलणं, ज्याचा त्याला परत देणं आणि महिनोन्महिने ते टिकवणं. या कामाला अकरा मुलं आणि अकरा स्कूटर लागतील, हा हिशेब पुढे येईलच. कोथरूडच्या एका खोलीतून सुरू होणाऱ्या धंद्यासाठी ही मागणी अजिबात नम्र नाही. वरचा आकडा पुरेसा मोठा असला की त्याचा कुठलाही तुकडा छोटा दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो.

खालून वर

आता बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि आसपासच्या सोसायट्यांत 100 घरांची दारं वाजवली. पहिला प्रश्न त्यांनी सेवेबद्दल विचारलाच नाही. विचारलं, "काकू, मागच्या महिन्यात दळण कितीदा दिलंत? किती किलो? कोण घेऊन गेलं?" लोक पुढे काय करतील याचा अंदाज स्वतःबद्दलही चुकीचा सांगतात, पण मागच्या महिन्यात काय केलं हे बरंचसं खरं सांगतात.

100 पैकी 40 घरं गिरणीत दळण देणारी निघाली. म्हणजे वरच्या साखळीतला 40 टक्क्यांचा अंदाज निदान या भागापुरता बरा होता. पण या घरांतलं महिन्याचं दळण सरासरी 12 किलो भरलं. वरच्या हिशेबात माणशी 8 किलोतलं निम्मं, चार माणसांचं, म्हणून 16 किलो धरलेले होते. फरक का, तेही दारातच कळलं. मुलगा बाहेरगावी, सून-मुलगा दुपारी कँटीनमध्ये जेवणारे, शनिवार-रविवार बाहेर. देशभराच्या सरासरीतलं घर आणि कोथरूडचं घर यांची पोळ्यांची चळत सारखी नसते.

मग बाईंनी गिरणीत जाणाऱ्या त्या 40 घरांना सेवा समजावली. नेऊन-आणून देऊ, किलोला 7 रुपये जास्त. "वापराल का?" असं विचारल्यावर 28 घरं हो म्हणाली. "छान कल्पना आहे हो, नक्की सुरू करा!" आपल्याकडे दारात उभ्या असलेल्या बाईला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. या 28 'हो'मध्ये किती सौजन्य आणि किती गरज हे ऐकून कळत नाही. ते कळायला बाईंनी लगेच पावतीपुस्तक काढलं: "100 रुपये आगाऊ द्या, पहिल्या दळणातून वळते करू." तिथे 28 चे 9 झाले. पहिला महिना या नऊ जणांची दळणं बाईंनी स्वतः नेली-आणली. महिना संपला तेव्हा त्यातली पाच घरं पुढेही देत राहिली. एकीचं पीठ जाडं आलं, एकीला डबा संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी मिळाला, एकीच्या यजमानांनी सांगितलं की त्यांना चालायला तेवढंच निमित्त आहे, आणि एक नुसतीच गळाली.

40, 28, 9, 5. या उतरत्या ओळीतला शेवटचा आकडाच खरा मानायचा. 100 घरांतून पाच डबे.

30,000 घरांचा पट्टा बाईंनी नकाशावर आखला. त्याच्या पाच टक्के म्हणजे 1,500 घरं. घरटी 12 किलो, किलोला 7 रुपये, म्हणजे घरामागे महिन्याला 84 रुपये. 1,500 घरांचे महिन्याला 1 लाख 26 हजार, वर्षाला सुमारे 15 लाख. हाच दर सगळ्या शहराच्या 10 लाख घरांना लावला तर वर्षाला 5 कोटी 4 लाख होतात.

वरून आलं तर 53 कोटी 76 लाख. खालून गेलं तर 5 कोटी 4 लाख. जवळजवळ अकरा पटींचा फरक.

फरकाची फोड

इथे बहुतेक जण दोनांपैकी एक आकडा टाकून देतात, किंवा दोन्हींची सरासरी काढतात. दोन्ही गोष्टींनी हातातली सगळ्यात मोलाची माहिती वाया जाते. दोन उत्तरांत फरक असेल तर तो कुठल्या तरी पायरीवर जन्मलेला असतो, आणि ती पायरी शोधता येते.

वरच्या हिशेबात 4 लाख घरं आणि घरटी 16 किलो आहेत. खालच्या हिशेबात 50,000 घरं आणि घरटी 12 किलो. दर दोन्हीकडे 7 रुपयेच. म्हणजे फरकाचे दोनच तुकडे आहेत. किलोंमुळे सव्वापटीहून थोडा जास्त फरक पडतो, 16 भागिले 12. घरांमुळे आठ पट फरक पडतो, 4 लाख भागिले 50,000. या दोघांचा गुणाकार केला की बरोबर तो जवळजवळ अकराचा आकडा येतो.

आता दिसतं की हे दोन तुकडे एका जातीचे नाहीत. किलोंचा फरक ही मोजणीतली चूक आहे. देशाची सरासरी कोथरूडला लावली म्हणून ती झाली. ती दुरुस्त करायची, म्हणजे वरचा आकडा 53 कोटी 76 लाखांवरून 40 कोटींवर येतो. घरांचा फरक मात्र चूक नाही. वरचा हिशेब दळण देणाऱ्या घरांचा होता, खालचा हिशेब दळणाची खेप वाचावी म्हणून महिन्याला 84 रुपये देणाऱ्या घरांचा. आठ घरांतली सात घरं ती खेप स्वतः करतात, कारण गिरणी वाटेवर आहे, काकांशी चार शब्द बोलणं होतं, किंवा 84 रुपये वाचतात. ही सात घरं उद्या येतीलही, पण आज ती गिऱ्हाईक नाहीत. धंद्याच्या भाषेत पहिला आकडा टॅम, एकूण बाजार. बाईंच्या पट्ट्यात पडणारा त्यातला भाग 'सॅम', म्हणजे जिथवर आपले हात पोचतात तो बाजार. त्यातून प्रत्यक्ष पदरात पडेल तो 'सॉम'. ही नावं पाठ करण्यापेक्षा एका पायरीवरून दुसरीवर येताना किती घरं गळतात आणि का, हे सांगता येणं महत्त्वाचं.

पाच कोटींच्या आकड्याबद्दलही सावध राहायला हवं. 30,000 घरांच्या पट्ट्यापर्यंत बाईंचा हिशेब खालून वर जाणारा होता. 10 लाखांनी गुणलं त्या क्षणी तो गुपचूप वरून खाली येणारा झाला, कारण त्यात 'सगळं पुणे कोथरूडसारखं वागतं' हे गृहीत आलं. खराडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, एका वेळी दोन किलोची पिशवी आणणाऱ्या जोडप्यांचं दार तर अजून वाजवलेलंच नाही.

वरून पाहणाऱ्याला न दिसलेलं

मग वरून खाली येणारी पद्धत सोडूनच का देऊ नये? कारण ती कधी फुगते, तशी कधी फार आखडतेही, आणि दोन्हीचं कारण एकच असतं: ती आज विकल्या जाणाऱ्या गोष्टीलाच बाजार समजते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण उबर कंपनीचं आहे.

जून 2014 मध्ये उबरमध्ये गुंतवणूक झाली तेव्हा कंपनीची किंमत 17 अब्ज डॉलर धरली गेली होती. न्यूयॉर्क विद्यापीठात मूल्यांकन शिकवणारे प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी हिशेब मांडून सांगितलं की ही किंमत फार आहे, आपल्या मते ती 5.9 अब्ज डॉलरच्या आसपास असावी. त्यांच्या हिशेबाचा पाया होता जगभरातला टॅक्सीचा बाजार, सुमारे 100 अब्ज डॉलरचा, आणि त्यातला दहा टक्के हिस्सा. पुढच्याच महिन्यात उबरमध्ये पैसे गुंतवलेल्या बेंचमार्क या संस्थेच्या बिल गर्ली यांनी उत्तर दिलं. त्यांचा आक्षेप आकडेमोडीवर नव्हता, बाजाराच्या व्याख्येवर होता. गाडी पाच मिनिटांत दारात येऊ लागली तर पूर्वी टॅक्सी न करणारी माणसंही ती करतील, काही जण दुसरी गाडी घेणारच नाहीत, आणि मग मोजायचा बाजार टॅक्सीचा न राहता स्वतःच्या गाडीवर होणाऱ्या खर्चापर्यंत जातो. त्यांचा अंदाज 450 अब्ज ते 1,300 अब्ज डॉलर असा होता.

कोण बरोबर, याचा एक पुरावा 2015च्या जानेवारीत आला. उबरचे तेव्हाचे प्रमुख ट्रॅव्हिस कलानिक यांनी सांगितलं की सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सीचा बाजार वर्षाला 14 कोटी डॉलरचा होता, आणि तिथे उबरची उलाढाल 50 कोटी डॉलरवर गेली आहे. ज्या बाजाराचा हिस्सा घ्यायचा, त्याच्या तिपटीहून अधिक! दामोदरन यांनीही त्याच वर्षी हिशेब पुन्हा मांडला, बाजाराची व्याख्या मोठी केली आणि कंपनीची किंमत 23.4 अब्ज डॉलरवर नेली. ही उलाढाल म्हणजे प्रवाशांनी दिलेलं एकूण भाडं, त्यातला मोठा वाटा चालकांचा, हे मात्र विसरायचं नाही. काकांच्या 8 रुपयांसारखंच ते आहे.

या गोष्टीचा बाईंच्या हिशेबाशी थेट संबंध आहे. त्यांनी सेवेबद्दल फक्त गिरणीत जाणाऱ्या 40 घरांना विचारलं. उरलेल्या 60 घरांतली बरीचशी तयार पिठाची पिशवी आणतात. त्यांतल्या काही घरांना गिरणीचं पीठच आवडतं, फक्त खेप नको म्हणून ती पिशवीकडे वळली. ही घरं दळणाच्या आजच्या आकड्यात कुठेच नाहीत, पण डबा दारातून उचलला गेला तर परत येऊ शकतात. ती किती, हे पुन्हा दार वाजवूनच कळेल. पण तो प्रश्न सुचतो मात्र वरच्या साखळीतली 'तयार पीठ' ही कापलेली पायरी डोळ्यांसमोर असते म्हणून. वरून खाली येण्याचा खरा उपयोग हा आहे: आपण काय काय वगळलं याची यादी तिथे मिळते.

स्कूटरवर किती डबे मावतात

खालून वर जाताना फक्त गिऱ्हाईक मोजून भागत नाही, आपली कुवतही मोजावी लागते. एका घरचं 12 किलो दळण महिन्यातून दोनदा, सहा-सहा किलोंनी येतं असं धरू. स्कूटरवर दहा डबे, म्हणजे 60 किलो. एका फेरीत दहा दळणं परत द्यायची, दहा नवी घ्यायची. वीस दारं, वॉचमनच्या वहीत नोंद, लिफ्टची वाट, दोन घरांना कुलूप. अशा दिवसाला तीन फेऱ्या नीट होतात. त्यातच गिरणीचा क्रम सांभाळायचा, कारण आधीच्या धान्याचं पीठ जात्यात थोडं उरतं. गव्हावर ज्वारी चालते का, हे घरोघर वेगळं असतं, आणि उपवासाची वरई तर कशावरच चालत नाही. आठवड्यात एक दिवस गिरणी बंद.

म्हणजे एक मुलगा दिवसाला 30 दळणं, महिन्याच्या 26 दिवसांत 780. घरटी दोन दळणं, म्हणून एका मुलाला 390 घरं. त्यातून येणार 32,760 रुपये. मुलाचा पगार 18,000 आणि स्कूटर-पेट्रोलचे 5,000 धरले तर 23,000 गेले. उरले पावणेदहा हजार. बाईंना स्वतःच्या घरात महिन्याला निदान 25,000 न्यायचे असतील तर एका मुलावर भागत नाही. तीन मुलं आणि 1,170 घरं झाली तर 98,280 मधून 69,000 जाऊन 29,280 उरतात. यातून फोन, पिशव्या, तोलकाटा, एखादा सांडलेला डबा.

आता सगळा हिशेब एका प्रश्नावर आला. 30,000 घरांच्या पट्ट्यात 1,170 घरं टिकली पाहिजेत, म्हणजे शंभरातली चार. बाईंना 100 घरांत पाच मिळाली होती. मग जमलं?

अजून नाही. 100 घरांत पाच निघाली यावरून पट्ट्यातलं खरं प्रमाण पाचच आहे असं म्हणता येत नाही. एवढ्या छोट्या नमुन्यातून ते दोनपासून अकरापर्यंत कुठेही असू शकतं. पाच असेल तर 1,500 घरं, चार मुलं, आणि हातात 34,000. दोन असेल तर 600 घरं, दोन मुलं, 50,400 ची आवक, 46,000 चा खर्च, आणि बाईंच्या वाट्याला 4,400 रुपये. 54 कोटींच्या बाजारात!

त्यात नमुना कुठल्या महिन्यात घेतला हेही आहे. दिवाळीच्या तोंडावर भाजणी, चकलीचं पीठ, अनारशाची पिठी यांनी गिरणी गजबजलेली असते. ऑक्टोबरमधले नऊ डबे जुलैमध्ये नऊ राहत नाहीत.

म्हणून पहिले पैसे स्कूटरवर किंवा अ‍ॅपवर न घालवता बाईंनी आणखी 400 दारं वाजवायला हवीत, दिवाळी उलटल्यावर, पट्ट्याच्या वेगवेगळ्या टोकांना, आणि प्रत्येक ठिकाणी पावतीपुस्तक बरोबर घेऊन. 500 घरांत टिकणारी 25 निघाली तर खरं प्रमाण साधारण तीन ते सातच्या मध्ये आहे एवढं कळतं. म्हणजे दोनची भीती गेली. चारची मात्र अजून खात्री नाही, म्हणून सुरुवात एका मुलापासून आणि बाईंच्या स्वतःच्या स्कूटरपासून. दहाच घरं निघाली तर 54 कोटींचा कागद फाडून टाकायचा आणि काकांकडे आपलं एकट्याचं दळण द्यायला जायचं.